नवे साहेब, जुनी टिप्पणी

प्रश्न: एमपीएससीतून नायब तहसीलदार म्हणून निवड झाली आहे, प्रशिक्षण संपत आलंय. ओळखीतले सगळे म्हणतात, "सहा महिन्यांत तूही ऑफिससारखाच होशील." सरकारी कार्यालयातल्या सवयी इतक्या घट्ट का असतात? नवे अधिकारी त्या बदलायच्याऐवजी त्यांच्यात मिसळून का जातात?

उत्तर:

तुमच्या ओळखीतल्यांनी मुदत साधारण बरोबर सांगितली आहे. कारण मात्र ते बहुधा पैसा नाहीतर आळस हेच धरत असणार. या दोन्ही गोष्टी कार्यालयात आहेत, पण चांगल्या मनाचा, अभ्यास करून आलेला अधिकारी त्यांच्यामुळे बदलत नाही. तो बदलतो टिप्पणीमुळे. रुजू झाल्यावर तुमच्या टेबलावर अर्जदाराचा अर्ज सुटा येत नाही. तो नस्तीत, म्हणजे फाइलमध्ये, खाली असतो, आणि वर असते संकलनाच्या, म्हणजे त्या विषयाच्या टेबलाच्या, महसूल सहायकाने लिहिलेली, अव्वल कारकुनाने पाहिलेली टिप्पणी. प्रश्न काय आहे, कोणता नियम लागतो, कोणता कागद कमी आहे हे सगळं तिच्यात आधीच ठरलेलं असतं. तुम्ही फक्त शेवटची ओळ लिहायची. ती ओळ लिहिता लिहिता कार्यालयाची सवय तुमच्या हातात उतरते.

हे नेमकं कसं होतं, ते एका साध्या प्रकरणावरून पाहू. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966, कलम 155, म्हणजे अधिकार अभिलेखातली लेखनदोषाची दुरुस्ती. हस्तलिखित सातबारावर तीन भावांची नावं होती, संगणकीकरणात दोनच आली. तिसऱ्या भावाने अर्ज दिला. मालकीचा वाद नाही, नक्कल करताना नाव गळलंय एवढंच.

समजा अर्ज 2 जूनला आवकमध्ये आला. 9 जूनला तो संकलनाकडे पोचून कार्यविवरण नोंदवहीत चढला. 16 जूनला मंडळ अधिकाऱ्यांना अहवालासाठी पत्र गेलं. त्यांनी ते तलाठ्याकडे, म्हणजे आता ज्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यांच्याकडे पाठवलं. अहवाल 14 जुलैला परत आला. 21 जुलैला टिप्पणी तुमच्यासमोर आली : "नाव दाखल झाल्याचा मूळ फेरफार प्रकरणी जोडलेला नाही. आदेशार्थ सादर." तुम्ही पाहिलं, खरंच जोडलेला नव्हता. तुम्ही लिहिलं, "पूर्तता करून सादर करा." त्या क्षणी दुसरं काही सुचतही नाही, कारण टिप्पणी खोटी नाही.

अर्जदाराला हे कळतं तो स्वतः चौकशीला येतो तेव्हा, म्हणजे ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. मग तो अभिलेख कक्षातून नक्कल काढतो आणि 25 ऑगस्टला आणून देतो. 1 सप्टेंबरला नस्ती पुन्हा तुमच्यासमोर येते. आता त्रुटी वेगळी असते : सर्व सहधारकांचे पत्ते नाहीत, नोटीस कुठे बजावायची? पुन्हा "पूर्तता करून सादर करा". 22 सप्टेंबरला तिसरी निघते : एक सहधारक मयत दिसतो, वारस नोंद झाली आहे का ते पाहावं. असं करत नोटिसा निघायला 10 नोव्हेंबर उजाडतो. 161 दिवस गेले, आणि सुनावणी अजून व्हायचीच आहे.

यात बेकायदा काय झालं? दप्तर दिरंगाई कायदा ज्याला आपण म्हणतो, त्या 2005 च्या अधिनियमाच्या कलम 10 प्रमाणे कोणत्याही कर्मचाऱ्याकडे नस्ती साधारणपणे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये. दुसऱ्या विभागाकडे पाठवायची गरज नसेल तर निर्णय 45 दिवसांत व्हावा, असेल तर तीन महिन्यांत. आता वरच्या तारखा पुन्हा पाहा. तहसीलच्या एकाही टेबलावर नस्ती सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त थांबलेली नाही. प्रत्येकाने आपलं काम वेळेत केलं आणि अर्जदाराचे सव्वापाच महिने गेले. 45 दिवसांचं विचारलं तर उत्तर तयार असतं की हे अर्धन्यायिक प्रकरण आहे, त्याला ही मुदत लागत नाही. सुनावणीला ते लागू असेलही. पण या सगळ्या फेऱ्या सुनावणीच्या आधीच्या, निव्वळ कागद जमवण्याच्या होत्या.

आणखी एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. सहा गठ्ठे पद्धत तुम्ही प्रशिक्षणात शिकला असाल : प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची प्रकरणे आणि नष्ट करायचे कागद. अर्जदाराकडून किंवा तलाठ्याकडून काही यायचं असलं की नस्ती पहिल्या गठ्ठ्यातून दुसऱ्यात, म्हणजे प्रतीक्षाधीनमध्ये जाते. साप्ताहिक गोषवाऱ्यात प्रलंबितचा आकडा कमी होतो. काही ठिकाणी याच्याही पुढे जातात. "त्रुटी असल्याने अर्ज परत" असं कळवून प्रकरण निकाली दाखवतात, आणि माणूस कागद घेऊन आला की त्याला नवा आवक क्रमांक मिळतो. मोजणी पुन्हा एकपासून सुरू. तुमच्या कार्यालयात असं होतंय का, हे ओळखायचं असेल तर वर्षभराच्या आवक नोंदवहीत तोच गट क्रमांक आणि तेच नाव दोन-तीनदा आलंय का ते पाहा. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

आता प्रश्न असा की अनुभवी अव्वल कारकुनाला पहिल्या दिवशीच तिन्ही त्रुटी दिसत नव्हत्या का? दिसत होत्या. तरी तो एकेक का काढतो, हे समजल्याशिवाय तुम्ही काहीही बदलू शकणार नाही.

पहिलं कारण भीती, आणि ती खरी आहे. कलम 155 मध्ये लेखनदोष, हितसंबंधितांनी मान्य केलेल्या चुका आणि महसूल अधिकाऱ्याला तपासणीत दिसलेल्या चुका एवढ्याच दुरुस्त करता येतात. त्याच्या आडून मालकी हक्काचे बदल केले गेल्याच्या तक्रारी राज्यात भरपूर झाल्या आहेत. असं प्रकरण पाच-सात वर्षांनी बाहेर निघतं, तेव्हा आदेश तहसीलदारांचा असला तरी टिप्पणी कोणी लिहिली आणि कोणी पुढे पाठवली याच्या सह्या आधी पाहिल्या जातात. निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्या माणसासाठी विभागीय चौकशी म्हणजे उपदान अडकणं आणि पूर्ण पेन्शनची वाट पाहत बसणं. उलट बाजूला, उशीर केला म्हणून शिक्षा झालेलं माणूस त्याने आजूबाजूला क्वचितच पाहिलेलं असतं. कायद्यात हेतुपुरस्सर विलंबासाठी शिस्तभंगाची तरतूद आहे, पण वरच्यासारख्या नस्तीत विलंब नेमका कोणाचा, हे दाखवणार कसं? म्हणजे सही करण्यात धोका आणि त्रुटी काढण्यात शून्य धोका. माणूस कुठे वळेल हे उघड आहे.

दुसरं कारण कामाचा बोजा. रिक्त पदांमुळे एकाच माणसाकडे दोन संकलनं असतात. त्रुटी काढली की नस्ती तीन आठवडे टेबलावरून हलते. त्रुटी काढणं हा श्वास घ्यायला जागा करण्याचा मार्ग होऊन बसतो. आणि तिसरं, हेही स्पष्ट म्हटलं पाहिजे : अर्जदाराला दर वेळी नवा कागद सांगितला की तो दाराबाहेरच्या एजंटाकडे जातो. या फेऱ्यांवर कोणाचं तरी घर चालतं. पण लक्षात घ्या, पैसे न घेणारा कारकूनही त्रुटी एकेकच काढतो, कारण पहिली दोन कारणं त्यालाही लागू आहेत. म्हणून फक्त भ्रष्टाचारावर नजर ठेवणारा अधिकारी ही सवय मोडू शकत नाही.

आता तुमच्याकडे येऊ. पहिल्या आठवड्यात तुम्ही एखाद्या नस्तीवर विचारता, "हे एकदम का नाही मागितलं?" उत्तर नम्र असतं, "साहेब, आपल्याकडे असंच करतात. आधीचे साहेबही असंच करायचे." ते खरंही असतं. तुम्हाला जुना फेरफार अभिलेख कक्षात कुठल्या कपाटात आहे ते माहीत नाही, भाऊसाहेबांना, म्हणजे तुमच्या अव्वल कारकुनाला, माहीत आहे. दुपारी व्हीसी असते, संध्याकाळपर्यंत माहिती पाठवायची असते आणि तिचा तक्ता तेच भरून देतात. अवकाळी झाला की पंचनामे, मग मतदार यादी, मग एखादा दौरा. या धावपळीत रोज तीस-चाळीस नस्त्या सहीला आल्या, तर त्या दोन मिनिटांत तुम्ही टिप्पणीच्या बाहेरचं काही वाचू शकत नाही. "पूर्तता करून सादर करा" हे वाक्य पंधराव्या दिवसापर्यंत न विचार करता लिहिलं जायला लागतं. त्याच सुमारास तुम्हालाही कळतं की हे वाक्य लिहिल्याने आजवर कोणाचं वाईट झालेलं नाही. मिसळून जाणं म्हणतात ते हेच. त्यात कुठलाही ठरवून घेतलेला निर्णय नसतो.

कालावधीचाही हिशेब कार्यालयाच्या बाजूने आहे. त्याच 2005 च्या कायद्याप्रमाणे तुमचा एका पदावरचा सर्वसाधारण कालावधी तीन वर्षं, आणि तोही पूर्ण मिळेलच असं नाही. मंत्रालयाबाहेरच्या गट क कर्मचाऱ्याला त्याच कार्यालयात दोन पूर्ण कालावधी, म्हणजे सहा वर्षं मिळू शकतात. त्याने दोन-तीन साहेब पाहिलेले असतात, प्रत्येकाचा पहिल्या महिन्यातला उत्साह पाहिलेला असतो. तो विरोध करत नाही. "हो साहेब" म्हणतो आणि वाट पाहतो.

अजून एका गोष्टीबद्दल नवे लोक बेसावध असतात : पहिल्या महिन्यातले उपकार. क्वार्टर साफ करून दिलं, गॅस जोडून दिला, डबा लावून दिला, आई-वडील आले तेव्हा गाडी पाठवली. माणुसकीनेच केलेलं असतं. पण ज्याने तुमचा पाहुणचार केला त्याच्या टिप्पणीवर तिखट शेरा मारताना हात अडतो. दौऱ्यांच्या वेळी पुरेशी तरतूद नसलेला खर्च खालच्या माणसांनी उचलायचा, ही प्रथा अनेक ठिकाणी आहे, आणि ज्यांनी तो उचलला त्यांना नंतर जाब विचारणं कोणालाही जड जातं. या प्रथेवर नायब तहसीलदाराच्या हातात फारसा उपाय नाही. स्वतःच्या राहण्याजेवणाची, प्रवासाची पै न् पै पहिल्या दिवसापासून स्वतः देणं मात्र हातात आहे. ते पहिल्याच महिन्यात करा. तिसऱ्या महिन्यात सुरू केलं तर समोरच्याला तो अपमान वाटतो.

मग करायचं काय? पहिले तीस दिवस काहीही बदलू नका, फक्त एक संकलन निवडा आणि त्याचं दप्तर तपासा. गोषवाऱ्यावर थांबू नका, प्रतीक्षाधीनचा गठ्ठा स्वतः सोडा. त्यातल्या वीस नस्त्या घ्या आणि एका कागदावर प्रत्येकीची पहिली आवक तारीख, ती किती वेळा परत गेली आणि प्रत्येक वेळी कशासाठी, एवढंच उतरवून काढा. हे भाऊसाहेबांना शेजारी बसवून करा, त्यांच्या पाठीमागे नको. वीस नस्त्या झाल्या की दिसेल की त्रुटी त्याच त्याच पाच-सहा आहेत. वरच्या उदाहरणात त्या अशा निघतील : जुना हस्तलिखित सातबारा, नाव ज्याने दाखल झालं तो फेरफार, चालू सातबारा, सर्व सहधारकांची नावं-पत्ते, मयत धारकाची वारस नोंद आणि तलाठ्याचा अहवाल. ही तुमची तपासणी सूची. ती तुम्ही मनाने बनवलेली नाही, त्यांच्याच नस्त्यांमधून निघाली आहे, म्हणून तिला "साहेबांना इथलं माहीत नाही" हे उत्तर लागू पडत नाही.

दुसऱ्या महिन्यात एकच नियम घाला : अर्ज संकलनात आल्यापासून सात कामाच्या दिवसांत सूचीप्रमाणे सगळ्या त्रुटी एकाच पत्राने अर्जदाराला आणि मंडळ अधिकाऱ्यांना कळवायच्या. त्या पत्रावर सही तुमची. त्यानंतर नवी त्रुटी काढायची असेल तर ती आधी का दिसली नाही, याचं एका ओळीचं कारण टिप्पणीत लिहून तुमची मान्यता घ्यायची. भरलेली सूची नस्तीत पान क्रमांक एकला लावायची.

हा नियम चालतो तो भीतीमुळेच. पूर्वी कारकुनाला वाटायचं की एखादा कागद नजरेतून सुटला तर दोष आपला. आता त्याने काय काय तपासलं हे सूचीवर तारखेसह आहे आणि पुढे जायचा निर्णय तुमच्या सहीचा आहे. तुम्ही त्याचा धोका थोडा आपल्या अंगावर घेतलात. हे करायची तयारी नसेल तर त्याने जुनी सवय सोडावी अशी अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही.

इथे मर्यादाही सांगायला हवी. नायब तहसीलदार म्हणून तुम्ही कार्यालयाचे प्रमुख नाही. कलम 155 चा आदेश तहसीलदार काढतात, संकलनाला लेखी आदेशही त्यांच्या सहीने गेला तरच त्याला वजन येतं. म्हणून वीस नस्त्यांचा तो कागद आणि एक पानाची टिप्पणी घेऊन आधी त्यांच्याकडे जा. आणि त्यांना एक गोष्ट अगोदरच सांगून ठेवा : पहिले दोन-तीन महिने प्रलंबितचा आकडा वाढणार आहे. प्रतीक्षाधीनमध्ये झाकलेल्या नस्त्या पुन्हा पहिल्या गठ्ठ्यात येतील, "परत" करून निकाली दाखवणं बंद होईल. काम सुधारत असताना गोषवारा बिघडलेला दिसेल. बरेचसे बदल नेमके इथेच मरतात. मासिक आढावा बैठकीत प्रांताधिकारी विचारतात की तुमच्याच तालुक्याची प्रलंबितता का वाढली, आणि तहसीलदारांना आधी कल्पना नसेल तर ते संध्याकाळी येऊन म्हणतात, "जसं चालू होतं तसं चालू द्या." त्यांचंही चूक नाही, बैठकीत उभं त्यांना राहावं लागतं. आकडा का वाढणार आणि कधी उतरणार हे बैठकीच्या आधी लेखी दिलेलं असेल, तर ते तुमच्या बाजूने बोलू शकतात.

काय करू नये, तेही थोडक्यात. पहिल्याच महिन्यात अव्वल कारकुनाचं टेबल बदलू नका. त्याच्याबरोबर कुठला फेरफार कुठे आहे ही माहिती जाते आणि नव्या माणसाबरोबर तुम्हीही चाचपडता. तोंडी सूचना देऊ नका, व्हॉट्सॲप ग्रुपवर तर नकोच. त्या पुढच्या पंधरवड्यात कोणाच्या लक्षात नसतात. हजेरीची सक्ती हाच बदल समजू नका. पावणेदहाला सगळे खुर्चीत बसले तरी त्रुटी एकेकच निघू शकते. ई-ऑफिसवरही हीच गत. पडद्यावरही तीच टिप्पणी, तेच "पूर्तता करून सादर करा". फायदा एवढाच की तिथे नस्ती कोणाकडे कधी गेली आणि कधी परतली हे आपोआप राहतं, म्हणून वीस नस्त्यांची यादी करणं सोपं होतं.

अधिकारी गेल्यावर बदल टिकायचा असेल तर तो माणसांच्या आठवणीत ठेवून भागत नाही, तो कपाटात आणि छापील नमुन्यात उतरावा लागतो. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला अनिलकुमार लखीना अहमदनगरचे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे, जिल्हाधिकारी होते. "लखीना पॅटर्न" म्हणून आजही ज्याचं नाव घेतात, त्यात त्यांनी हात घातला तो अभिलेखांची वर्गवारी, टेबलांची मांडणी आणि लोकांनी कुठे यायचं याच्या व्यवस्थेला. या गोष्टी साहेबांच्या मर्जीवर चालत नाहीत, म्हणून साहेब बदलल्याने लगेच मोडतही नाहीत.

तुमच्या पातळीवर हे काम करणारी जागा सहा गठ्ठ्यांतच आहे : चौथा गठ्ठा, स्थायी आदेश. बहुतेक संकलनांत तो सर्वात पातळ असतो, कधी कधी त्यात जुनी परिपत्रकं सोडून काहीच नसतं. तहसीलदारांच्या सहीचा तो आदेश, जावक क्रमांकासह, सूचीचा नमुना जोडून, या गठ्ठ्यात लावा आणि त्याची एक प्रत आस्थापना शाखेला द्या. पुढे वरिष्ठांची दप्तर तपासणी झाली की हा गठ्ठा पाहिला जातो, आणि आदेश असूनही पाळला का नाही, असा मुद्दा निघू शकतो. त्या दिवसापासून सूची भरणं सुरक्षित आणि न भरणं धोक्याचं ठरतं.

बदलीचा आदेश आला की कार्यभार देताना नुसतं प्रमाणपत्र देऊन निघू नका. मागे एक पान जोडा : संकलनात आज प्रलंबित किती, प्रतीक्षाधीन किती, त्यातल्या 45 दिवसांपुढच्या नस्त्यांचे क्रमांक आणि चालू स्थायी आदेशाचा जावक क्रमांक. त्यावर कार्यभार घेणाऱ्याची पोच घ्या आणि एक प्रत भाऊसाहेबांच्या हातात द्या. नवे साहेब पहिल्या आठवड्यात जेव्हा विचारतील की हे असं का करतात, तेव्हा "आपल्याकडे असंच करतात" म्हणताना भाऊसाहेब तो आदेश काढून दाखवतील.